चिमणीचा बॅफल फिल्टर खाचेत चिकटून बसलाय, निघतच नाही (सांगली)

सई_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ६० सेंटिमीटरची, पुढे वाकडी काच असलेली चिमणी आहे. खालच्या बाजूला स्टीलचे दोन बॅफल फिल्टर शेजारी शेजारी बसतात. दोन्हींना पुढच्या कडेला हँडल आहे, आणि मागची कड आत एका खाचेत जाते. दिवाळीचं तळण झालं, त्याला लागून भडंगाचे मोठे घाणे झाले, नातेवाइकांना पाठवायचे होते. त्या गडबडीत फिल्टर धुवायचे राहिले. आज उजवा सहज खाली आला. डावा मात्र हलायला तयार नाही. यजमानांनी जोर लावला तेव्हा हँडलचा पत्रा वाकल्यासारखा वाटला, म्हणून मीच थांबवलं.

सर्व्हिसवाले फोनवर म्हणाले की आठवडाभराने येऊ, आणि 'नवीनच घेऊन टाका' हेही सुचवलं. फिल्टर धडधाकट आहे, नवीन कशाला घ्यायचा? कुणी असा अडकलेला फिल्टर घरी काढला असेल तर नीट क्रमाने सांगाल का? खाली काचेची शेगडी आहे, त्याची जास्त भीती वाटते.

नंदिनी_मिरज
सईताई, अगदी सोपं आहे. चिकटलंय ते तेल आहे, आणि तेल उष्णतेने सुटतं. डाव्या बाजूचा बर्नर लावा, फिल्टर चांगला गरम होऊ द्या, मग रुमालाने धरून ओढा. माझ्या सासूबाई असंच करायच्या आणि फिल्टर लगेच हातात यायचा.

बाळू_कुपवाड
नंदिनीताई, गरम केल्याने सुटतं हे तुमचं बरोबर आहे, पण खालून ज्योत कधीच नको. फिल्टरच्या पन्हळींमध्ये आणि मागच्या खाचेत तेल साठलेलं असतं. ते तापून पातळ झालं की थेंब ज्योतीवर पडतो, भडका वर जातो, आणि वर काजळी धरलेला पंखा असतो. चिमणीला आग लागल्याच्या ज्या घटना मी पाहिल्यात, त्यातल्या बऱ्याच अशाच उघड्या ज्योतीने सुरू झाल्या. सासूबाईंना त्रास झाला नाही हे चांगलंच झालं, पण दुसऱ्याला ही पद्धत सांगू नये.

सईताई, मी चिमणी आणि गिझरची कामं करतो, त्यामुळे असे फिल्टर नेहमीच हातात येतात. ओढायच्या आधी तो नक्की कुठे अडकलाय ते कळायला हवं. जागा तीनच असतात. हँडलचा खटका, मागची खाच, आणि दोन फिल्टरमधली किंवा बाजूची फट. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि चुकीच्या जागी जोर लावला की पत्रा वाकतो.

तेव्हा आधी एवढं बघून सांगा. चिमणीचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग डाव्या फिल्टरचं हँडल नेहमीप्रमाणे दाबा किंवा मागे ओढा. ते हलतंय का, आणि सोडल्यावर स्प्रिंगने परत येतंय का? हँडल दाबून धरलं की पुढची कड थोडी तरी खाली येते का? आणि खाली लावलेली तेलाची वाटी काढून बघा, त्यात तेल किती आहे?

आप्पा_गावभाग
आमच्या चिमणीची ओढ दोन महिन्यांपासून कमी झाली आहे. धूर सगळा घरभर पसरतो. मोटर बदलावी लागेल का? सांगलीत कोण चांगलं काम करतं?

बाळू_कुपवाड
आप्पा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण फिल्टर धुतल्याला किती दिवस झाले ते आधी बघा. पन्हळी बुजल्या की मोटर चांगली असूनही धूर जात नाही. फिल्टर काढून ठेवून मशीन दोन मिनिटं चालवा. ओढ एकदम वाढली तर दोष फिल्टरचा. तशीच राहिली तर बाहेर जाणाऱ्या पाइपची झडप अडकलेली असू शकते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. इथे सईताईंचा फिल्टर आधी काढू.

सई_विश्रामबाग
बाळूदादा, तुम्ही सांगितलं तसं बघितलं.

हँडल व्यवस्थित हलतं. मागे ओढलं की 'टक' असा आवाज येतो, सोडलं की परत पुढे येतं. हँडल ओढून धरलं तर पुढची कड साधारण बोटभर खाली येते आणि तिथेच थांबते. मागची बाजू जागची हलत नाही.

तेलाची वाटी कोरडी आहे. तळाला एक पिवळा डाग आहे, बस. दिवाळीत एवढं तळण झालं, मग तेल गेलं कुठे हे मलाही कळलं नाही.

बाळू_कुपवाड
ताई, तुमच्या वाटीनेच उत्तर दिलं.

खटका मोकळा आहे, कारण हँडल हलतं आणि पुढची कड खाली येते. म्हणजे हँडलवर यापुढे जोर लावायचा नाही, तिथे काही अडकलेलंच नाही. अडकलीय ती मागची कड. तुमच्या मॉडेलमध्ये फिल्टर मागच्या बाजूला उतरते असतात, तेल पन्हळींतून मागे वाहतं, मागच्या कडेच्या बारीक भोकांतून खाली गटारीत पडतं आणि तिथून वाटीत जातं. वाटी कोरडी आहे याचा अर्थ वाट कुठेतरी बंद आहे. बहुतेक ती भोकं तेल आणि पिठाच्या कण्यांनी बुजली आहेत. तेल मागच्या खाचेत साचून राहिलं, रोजच्या उष्णतेने आणि हवेने घट्ट होत गेलं, आणि फिल्टरची कड त्यात रोवली गेली. शेंगतेल काय, सोयाबीन काय, सूर्यफूल काय, खायचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. पातळ थरात गरम राहिलं की आधी चिकट होतं आणि शेवटी वार्निशसारखं कडक होतं.

म्हणून आता दोन प्रश्न. तुमच्या दोन फिल्टरच्या मधे खालून आधाराची पट्टी आहे, की ते एकमेकांना लागून बसतात? आणि उजवा निघालाय ना, तर त्या मोकळ्या जागेतून टॉर्च लावून डाव्या फिल्टरची मागची कड बघता येईल. खाचेत जे साचलंय ते नखाने दाबून बघा, हातमोजा घालून. खूण पडते की दगडासारखं लागतं?

कस्तुरी_इस्लामपूर
एवढा खटाटोप कशाला? कॉस्टिक सोडा आणा, गरम पाण्यात घालून ब्रशने वर लावा. पाच मिनिटांत सगळं गळून पडतं. हॉटेलवाले हेच वापरतात. आमच्या भावाचं हॉटेल आहे, तिथे मी डोळ्यांनी बघते.

बाळू_कुपवाड
कस्तुरीताई, हॉटेलात फिल्टर काढून टाकीत बुडवतात, डोक्याच्या वर लावत नाहीत. कॉस्टिकचं गरम पाणी वरून हातावर, मानेवर, डोळ्यांत आलं तर मोठी इजा होते. डोळ्याला तर कायमची होऊ शकते. शिवाय स्टील त्यात टिकतं, पण ॲल्युमिनियम टिकत नाही. बऱ्याच फिल्टरची हँडलं ॲल्युमिनियमच्या रिव्हेटनी बसवलेली असतात. जाळीचा फिल्टर असेल तर तो बहुतेक वेळा अख्खाच ॲल्युमिनियमचा असतो, कॉस्टिकमध्ये फसफसतो आणि काळा पडतो.

मोहन_सातारा
बाळूदादा, हे रिव्हेटचं वाचलं आणि लिहायलाच बसलो. आमच्याकडे साताऱ्यात, करंजे भागात, अगदी हेच झालंय. स्वच्छता करणाऱ्या माणसाने फिल्टर काहीतरी पांढऱ्या पावडरच्या पाण्यात रात्रभर ठेवले होते. सकाळी चकचकीत दिसले, आम्ही खूश. बसवले तेव्हा ठीक होते. आता परवा काढायला गेलो तर एका फिल्टरचं हँडल हातात आलं, रिव्हेटसकट. फिल्टर वरच राहिला. खटका हँडलनेच सुटतो, त्यामुळे तोही वरच अडकून बसलाय. धरायला काहीच उरलं नाही. माझ्यासाठी काय उपाय?

सई_विश्रामबाग
मोहनदादा, तुमचा तर माझ्यापेक्षा अवघड प्रकार दिसतोय.

बाळूदादा, मधे पट्टी नाही, दोन्ही फिल्टर एकमेकांना टेकूनच बसतात. टॉर्च लावून बघितलं. मागची खाच काठोकाठ भरलीय. वरचा थर तपकिरी, चमकणारा. नखाने दाबलं तर उजव्या अर्ध्या भागात खूण पडते, आणि डाव्या कोपऱ्याकडे जात जात कडक होत जातं. अगदी कोपऱ्यात नख घसरतं.

बाळू_कुपवाड
छान बघितलंत. उजव्या अर्ध्या भागात खूण पडते म्हणजे तिथे नुसत्या उष्णतेने काम होईल. कोपऱ्यातल्यासाठी सोडा लागेल, पण धुण्याचा सोडा, कॉस्टिक नव्हे.

आता क्रमाने सांगतो. प्लग काढलेलाच असू द्या. गॅस रेग्युलेटरवरून बंद करा. शेगडीवर जाडजूड वाकळ चारपदरी घडी करून पसरा, तिच्यावर लाकडी पाट ठेवा. फिल्टर वजनाला भारी नसतो, पण तो कोपऱ्यावर पडतो, आणि टफन काच सपाट माराला टिकते तशी कोपऱ्याच्या टोकाला टिकत नाही. हातात जाड रबरी मोजे घाला, स्टीलच्या कडा धारदार असतात. डोळ्यांवर चष्मा ठेवा, कारण सगळं काम मान वर करून आहे.

मग पातेल्यात पाणी उकळा, आणि ते दुसऱ्या खोलीत किंवा इंडक्शनवर उकळा, त्याच शेगडीवर नको. त्यात भांडी धुण्याचं लिक्विड थोडं घाला. जुन्या बनियनच्या लांब पट्ट्या करा, या पाण्यात बुडवून नीट पिळून घ्या. पाणी टपकता कामा नये, नुसती गरम ओलसर पट्टी हवी. उजव्या मोकळ्या जागेतून हात आत घालून ती पट्टी मागच्या कडेवर, खाचेच्या तोंडाला लांबीत दाबून ठेवा. गार झाली की बदला. पंधरा ते वीस मिनिटं हे करायचं, घाई नाही. हेअर ड्रायर असेल तर मधे मधे वीतभर अंतरावरून फिरवा, ओल्या पट्टीवर नाही, पट्टी काढून.

पेंटरची हॉट गन मात्र नको. ती कित्येक पट गरम होते आणि चिमणीचा रंग फुगतो, खटक्याचं प्लास्टिक मऊ होतं.

कोपऱ्यासाठी एका कपभर गरम पाण्यात धुण्याचा सोडा दोन चमचे. त्याच्यात बुडवलेली छोटी पट्टी, तीही पिळूनच, फक्त त्या कडक भागावर. हे चिमणीच्या रंगावर फार वेळ राहू देऊ नका, रंग मंद पडतो.

नंदिनी_मिरज
बर्नरबद्दलचं पटलं दादा, मी सासूबाईंनाही सांगेन. पण मग पातेल्यात पाणी उकळत ठेवून वाफ दिली तर? ज्योत झाकली जाते, आणि वाफ सगळीकडे पोचते.

बाळू_कुपवाड
वाफेने मऊ होतं यात शंका नाही. अडचण अशी की वाफ खाचेत थांबत नाही, वर जाते. मोटरच्या जोडण्यांवर आणि दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी जमतं. शिवाय खाली पेटता गॅस आणि त्यावर उकळतं पातेलं असताना वरचा तेलकट पत्रा ओढायचा, हा धोका कशाला? पट्टीने उष्णता हवी तिथेच जाते.

सदानंद_जयसिंगपूर
वाफ देऊन मी अनेकदा काढलाय, काही बिघडलं नाही. प्लग काढायचा, वाफ द्यायची, नंतर रात्रभर सुकू द्यायची. दादा जरा जास्तच सावध आहेत असं मला वाटतं. अर्थात ज्योत पेटती ठेवून ओढू नये हे मात्र मान्य.

बाळू_कुपवाड
सदानंदराव, रात्रभर सुकवून मगच प्लग लावत असाल तर धोका कमी होतो हे मानतो. माझ्याकडे येतात ती मशीन न सुकवता चालू केलेली असतात, म्हणून मी टाळायला सांगतो.

सईताई, पट्टीनंतर ओढायचं कसं ते महत्त्वाचं आहे. खाली ओढायचं नाही, पुढेही नाही. हँडल ओढून पुढची कड बोटभर खाली आणा आणि तिथेच धरून ठेवा. मग अख्खा फिल्टर उजवीकडे सरकवा, जिथे जागा मोकळी आहे. पुन्हा डावीकडे. असं हळूहळू. चिकटलेला थर सरळ ओढला तर पूर्ण ताकदीने धरतो, बाजूला सरकवला तर पापुद्र्यासारखा सुटत जातो. पहिल्यांदा फक्त करकर ऐकू येईल. ती ऐकू आली की समजा सुटायला लागलं.

हट्टी जागा राहिली तर लांबी भरायची पातळ पट्टी असते ना पेंटरची, ती गरम पाण्यात बुडवून फिल्टरची कड आणि खाचेची भिंत यांच्या मधे सरकवायची. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. त्याचं टोक एकाच ठिकाणी जोर देतं, खाचेचा ओठ वाकतो, आणि मग फिल्टर कायमचा त्रास देतो.

आप्पा_गावभाग
बाळूदादा, फिल्टर काढून चालवून बघितलं. ओढ एकदम वाढली! फिल्टर गरम पाण्यात टाकलेत. मोटरवाल्याला बोलावलं होतं, त्याला नको म्हणून सांगतो.

सई_विश्रामबाग
निघाला!

सगळं सांगते, कुणाला उपयोगी पडेल. वाकळ आणि पाट ठेवला. पट्ट्या बदलत राहिले. थोड्या वेळाने मागच्या खाचेतून तपकिरी, दाट तेल पट्टीवर उतरायला लागलं. नंतर ड्रायर फिरवला. पुढची कड खाली धरून उजवीकडे सरकवायचा प्रयत्न केला तर आधी काहीच नाही. पुन्हा पट्टी. मग एकदम ती करकर ऐकू आली, तुम्ही म्हणालात तशीच, आणि उजवा अर्धा भाग सुटला. फिल्टर तिरका झाला, पण डावा कोपरा धरून राहिला.

तो कोपरा सोड्याच्या पट्टीने लगेच मऊ झाला नाही. तेव्हा यजमानांनी पेंटरची पट्टी गरम करून कडेच्या मधे घातली, मी फिल्टर दोन्ही हातांनी खालून आधार देऊन धरला, आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेला. कोपरा सुटला तेव्हा अख्खा फिल्टर हातात आला. मागच्या कडेला बोटाच्या पेराएवढी जाड तपकिरी कड आली, सोलून काढता येईल अशी. खाचेत त्या कडेचा अख्खा ठसा राहिलाय.

भोकं बघितली. तुम्ही म्हणालात तशी बुजलेली आहेत, पण सगळी नाहीत. दोन भोकं मोकळी आहेत, उजव्या टोकाची. मग तेल वाटीत का गेलं नाही?

बाळू_कुपवाड
वा, सुंदर काम. यजमानांचं हात आवरणंही तितकंच महत्त्वाचं होतं.

दोन भोकं मोकळी असून वाटी कोरडी याची दोन कारणं असू शकतात. एक, गटारीतून वाटीकडे जाणारी फट बुजलीय. ती वाटीच्या वर असते, काडी घालून बघा, तेल खाली येतं का. दुसरं, चिमणी भिंतीवर किंचित डावीकडे उतरती बसवली असेल तर तेल मोकळ्या भोकांकडे न जाता डाव्या कोपऱ्यात साचेल. तुमचं सगळ्यात कडक थर डाव्या कोपऱ्यातच होतं, म्हणून मला हे जास्त शक्य वाटतं. चिमणीच्या खालच्या कडेवर लेव्हल ठेवून बघा. मोबाइलमध्येही लेव्हल असते, पण मोबाइलच्या कव्हरमुळे चुकते, कव्हर काढून ठेवा.

सई_विश्रामबाग
गटारीची फट मोकळी आहे, काडी आरपार जाते. लेव्हलमध्ये बुडबुडा उजवीकडे जातोय, म्हणजे डावी बाजू खाली आहे. किती आहे ते मला नीट सांगता येत नाही, पण दिसतं तरी. बसवताना कुणाच्या लक्षात आलं नसेल. मात्र भिंतीचे खिळे हलवायचे म्हणजे टाइल्सला भोकं पडणार.

बाळू_कुपवाड
मग तेच. बऱ्याच चिमण्यांच्या मागच्या खिळ्यांच्या भोकांना थोडी वरखाली जागा ठेवलेली असते, त्यामुळे टाइल न फोडता मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलता येतं. पण दोन माणसं हवीत, एकट्याने करू नका. तुमच्या मॉडेलमध्ये तशी जागा आहे का ते समोर बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. तोपर्यंत डाव्या कोपऱ्यातलं तेल महिन्यातून एकदा तरी कापडाने पुसून घ्या. भडंगाच्या दिवसात आणखी लवकर.

फिल्टर धुवायला बादलीभर गरम पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा, तासभर. ब्रश नायलॉनचा, तारेचा घासणा नको, त्याचे ओरखडे तेल जास्त धरतात. सांगलीच्या बोअरच्या पाण्यात साबण फुटतो, फेस येत नाही, पण सोड्याने तो प्रश्नही सुटतो. टाकीचं ॲसिड आणि ब्लीच अजिबात वापरू नका, स्टीलला डाग पडतात.

कस्तुरी_इस्लामपूर
परत चिकटू नये म्हणून मी खाचेत खोबरेल तेल लावते. कधी अडकलं नाही.

बाळू_कुपवाड
कस्तुरीताई, खोबरेल बाकीच्या तेलांपेक्षा कमी कडक होतं, म्हणून तुम्हाला त्रास झाला नसेल. पण तेही खायचं तेल आहे, आणि खाचेत तेच साचतं. मी खाच कोरडी पुसूनच बसवतो.

सदानंद_जयसिंगपूर
व्हॅसलीन चालेल का? ते खनिज असतं, घट्ट होत नाही असं वाचलंय.

बाळू_कुपवाड
घट्ट होत नाही हे खरं. पण पिठाची धूळ धरतं, आणि गरम झालं की खाली थेंब पडू शकतो, खाली कढई असते. अगदी पुसट लावणारे मला माहीत आहेत, त्यांना चालतं. मला स्वतःला ते पटत नाही.

सई_विश्रामबाग
मी कोरडंच ठेवते. एक शंका: डाव्या कोपऱ्यात खाचेचा ओठ जरा आत दबल्यासारखा दिसतो. आधी कधी कुणी काहीतरी घालून उचकटलं असावं. तो सरळ करू का?

बाळू_कुपवाड
करा, पण हातोडी नको. पक्कडीच्या दोन्ही जबड्यांना कापड गुंडाळा, ओठ हलकेच धरून एकाच दमात न वाकवता थोडा थोडा बाहेर घ्या. पत्रा पातळ असतो, वारंवार पुढेमागे केला तर तडकतो. कडक थर खरवडल्याशिवाय वाकवू नका, नाहीतर ओठ सरळ झालाय की थर मधे आहे हेच कळणार नाही. बसवताना रिकामा फिल्टर आधी सरकवून बघा, सहज जातो का. मग खटका हातातच दोनदा दाबून बघा, आणि शेवटी लावा.

मोहनराव, तुमचं विसरलो नाही. हँडल नाही आणि खटका वर अडकलाय, बरोबर ना? आणि शेजारचा फिल्टर काढता येतो का?

मोहन_सातारा
हो, शेजारचा निघालाय. त्याच्या रिव्हेटवर पांढरी पावडर धरली आहे, आणि खड्डे पडलेले दिसतात.

बाळू_कुपवाड
पांढरी पावडर आणि खड्डे म्हणजे ॲल्युमिनियम कुणीतरी खाल्लंय, कॉस्टिकनेच असणार असं मला वाटतं. पुढच्या वेळी तो रिव्हेटही जाईल. आता करायचं काय ते सांगतो. शेजारच्या मोकळ्या जागेतून आत हात घालून खटक्याची पट्टी दिसते का बघा. दिसली तर बोटाने किंवा त्या पेंटरच्या पट्टीने स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून मागे सरकवा, म्हणजे पुढची कड मोकळी होईल. दिसत नसेल तर पुढच्या कडेच्या फटीतून पातळ पट्टी घालून खटक्याच्या जिभेला मागे लोटायचं. खालून एक जण दोन्ही हातांनी फिल्टर उचलून धरू दे. खटक्यावरचा भार गेला की जीभ जास्त सहज हलते, त्याशिवाय ती वजनाने अडकलेली असते.

धरायला काही नसेल तर पातळ पण ताठ तारेचे दोन आकडे करा, पन्हळींच्या फटीतून आत घालून वळवा आणि दोन बाजूंना समान ओढा. एकच आकडा लावला की फिल्टर तिरका होऊन खाचेत आणखी रुततो. हँडल नंतर स्टीलच्या बोल्ट-नटने बसवा, बोल्टचं डोकं आतल्या बाजूला ठेवा, नाहीतर शेजारच्या फिल्टरला घासेल.

मोहन_सातारा
खटक्याची पट्टी दिसली! पण बोट पोचत नाही, मधे पन्हळीची घडी आडवी येते. उद्या दुकानातून ती पातळ पट्टी आणतो, मग बघतो. वरचं वजन उचलून धरायचं लक्षात आलं नव्हतं.

आप्पा_गावभाग
दादा, माझे फिल्टर निघाले, धुतले, बसवले. पण एक हँडल थोडं सैल वाटतंय. रिव्हेटवर पांढरं काहीच नाही. हे सोडून देऊ का?

बाळू_कुपवाड
आप्पा, हलवून बघा. रिव्हेट फिरत असेल तर आत्ताच बदलून घ्या, फिरत नसेल आणि नुसता पत्रा हलत असेल तर चालेल. फोटो टाका, मग नक्की सांगतो.